रेसिपीत "४ अंडी" लिहिलंय, पण कुठली? ट्रेमधल्या बारीक अंड्यांचा हिशोब

मागच्या एप्रिलची गोष्ट. पुतणीचा वाढदिवस होता आणि मी एक इंग्लंडच्या बाईची स्पंज केकची रेसिपी बघून केक करायला घेतला. साधी रेसिपी, २२५ ग्रॅम बटर, २२५ ग्रॅम साखर, २२५ ग्रॅम मैदा आणि ४ मोठी अंडी, दोन थर करायचे आणि मधी जॅम लावायचा. मी काट्यावर सगळं ग्रॅम ग्रॅम मोजून घेतलं, अंडी मात्र मोजायची काय म्हणून ट्रेमधून चार काढली आन् फोडली. बॅटर एवढं घट्ट झालं की चमच्यावरून पडेना, ढेकळासारखं थपकन खाली. वाटलं असंच असत असेल. ओव्हनमधून निघालेला केक मधून फुगून उभा चिरलेला, आणि कापला तर भाकरीचा चुरा पडावा तसा चुरा. पोरांनी खाल्ला, पोरं काय जॅम असल्यावर काहीबी खातात, पण माझ्या डोक्यात ते बसून राहिलं, कारण बाकी सगळं तर मी मोजून घेतलं होतं.

दोन दिवसांनी सहज म्हणून त्याच ट्रेमधलं एक अंडं काट्यावर ठेवलं. ४७ ग्रॅम. दुसरं ४९. तिसरं ४६. आणि इंग्लंडात ज्याला "मोठं अंडं" म्हणतात ते टरफलासकट ६३ ते ७३ ग्रॅमचं असतंय! म्हणजे माझं अन् तिचं अंडं हे एकच नव्हतं, तिची चार अंडी म्हणजे माझी जवळजवळ सहा.

तेव्हापासून मी जे करायला लागले ते सगळं खाली सांगते. मी परभणीत घरूनच केकच्या ऑर्डरी घेते त्यामुळं उदाहरणं केकचीच जास्त येतील. आणि आधीच सांगते, बुर्जी, अंडाकरी, ऑमलेट यांना यातलं काहीच लागू नाही, तिथं अंडं लहान असलं तर एक जास्त फोडा आणि विषय संपवा.

आधी हे समजून घ्या की "लार्ज" हा शब्द देशागणिक बदलतो

अमेरिकेत लार्ज म्हणजे टरफलासकट साधारण ५७ ग्रॅम. त्यांचा हिशोब डझनावर असतो, डझनाचं वजन २४ औंस भरलं की लार्ज, २१ औंस असलं की मीडियम. मीडियमचं एक अंडं मग ५० ग्रॅमच्या आसपास पडतं. इंग्लंडात आणि युरोपात ५३ ग्रॅमच्या खाली स्मॉल, ५३ ते ६३ मीडियम, ६३ ते ७३ लार्ज आणि त्याच्यावर एक्स्ट्रा लार्ज. म्हणजे गंमत बघा, अमेरिकेचं लार्ज हे इंग्लंडचं मीडियम झालं. आणि आपल्याकडं ॲगमार्कच्या प्रतवारीत ३८ ते ४४ ग्रॅम स्मॉल, ४५ ते ५२ मीडियम, ५३ ते ५९ लार्ज आणि ६० च्या वर एक्स्ट्रा लार्ज. म्हणजे आपलं कागदावरचं लार्ज अमेरिकेच्या लार्जशी जुळतं, इंग्लंडच्या लार्जशी नाही.

पण कागदावरचं कागदावर. किराणा दुकानात तीसचा ट्रे येतो त्याच्यावर कुठं काय लिहिलेलं असतंय, दुकानदार फार तर "मोठा माल आलाय" किंवा "ह्या टायमाला बारीक आलीत" एवढं सांगतो. मी एकदा दुकानदार मामांना म्हणलं की मामा तुमच्या काट्यावर ट्रे ठेवून वजन करून द्या, तर ते म्हणाले, "अहो ताई, अंडं ते अंडं, त्याचं काय वजन करायलात, सोनं हाय का?" पण करून दिलं.

रेसिपी कुठल्या देशातली हे ओळखायला सोपं आहे. सगळं कपात आणि ओव्हनचं तापमान फॅरेनहाइटमध्ये असलं तर अमेरिका, लार्ज म्हणजे ५७. ग्रॅममध्ये असलं आणि सेल्फ रेझिंग फ्लोअर, कास्टर शुगर असे शब्द असले तर बहुतेक इंग्लंड, लार्ज म्हणजे मधलं वजन ६८ धरा. आपल्याकडच्या कुणी मराठीतून किंवा हिंदीतून सांगितलेली असली तर मी ५० ते ५२ धरते, कारण त्या बाईनं पण दुकानातलीच अंडी वापरलेली असणार, पण हा आपला अंदाज झाला, यात खात्री काही नाही.

अंडी बारीक का येतात

हे माहीत असलं की कधी सावध राहायचं ते कळतं. पहिलं कारण म्हणजे ऊन. आपल्याकडं मार्च संपला की जूनचा पाऊस पडेपर्यंत पारा चाळीसच्या वर जातो, शेडमधल्या कोंबड्या धापा टाकत बसतात, पाणी पितात पण खाद्य कमी खातात, आणि खाद्य कमी गेलं की अंडं लहान होतं आणि टरफलही पातळ पडतं. एप्रिल-मे मधी ट्रेमधली अंडी घरी येईपर्यंत जास्त फुटतात ते त्याच्यामुळंच. दुसरं कारण कोंबडीचं वय. साधारण वीस आठवड्यांची झाली की ती अंडी द्यायला लागते आणि सुरवातीची अंडी चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचीच असतात, पुढं महिन्या-महिन्याला मोठी होत जातात. म्हणजे पोल्ट्रीवाल्यानं नवा लॉट टाकला की त्याच दुकानात त्याच भावात अचानक बारीक अंडी यायला लागतात, तुम्हाला वाटतं दुकानदारानं फसवलं.

गावरान अंडी हा तर वेगळाच प्रकार. माझी मावशी जिंतूरकडं राहते, ती येताना गव्हाच्या डब्यात अंडी पुरून आणती, ती मी मोजली तर ३५ पासून ४२ पर्यंत, बहुतेक ३८ च्या आसपास. चवीला उत्तमच, पण "चार अंडी" म्हणून चार गावरान टाकली तर केकचं काय होईल ते आता तुम्हाला कळलंच असेल.

पहिलं काम: ट्रेचा सरासरी आकडा काढा

एकेक अंडं मोजत बसायची गरज नाही. आख्खा ट्रे काट्यावर ठेवा, आणि घरात एखादा रिकामा पुठ्ठ्याचा ट्रे असला तर त्याचं वजन वजा करा. माझ्याकडचा रिकामा ट्रे ६० ग्रॅमचा भरतो, तुमचा वेगळा असू शकतो म्हणून एकदा मोजून घ्या. त्या दिवशीचा माझा ट्रे भरला १४९४ ग्रॅम, त्यातून ६० गेले, राहिले १४३४, भागिले ३०, एक अंडं ४७.८ ग्रॅम. घरचा काटा लहान असला आणि त्याच्यावर ट्रे मावत नसला तर दहा अंडी एका पातेल्यात ठेवा, पातेलं ठेवून काटा शून्य केलेला असू द्या, आणि जे येईल त्याला दहानं भागा. दोन-तीन अंडी मोजून सरासरी काढू नका, एकाच ट्रेमधी ४३ चं पण असतंय आणि ५४ चं पण, हातात कुठली येतील ते सांगता येत नाही.

हा आकडा मी ट्रेच्या कडेवर पेनानं लिहून ठेवते. ट्रे संपेपर्यंत परत मोजायची गरज पडत नाही.

दुसरं काम: टरफल वजा करा

शंभर ग्रॅम अंड्यात साधारण १२ ग्रॅम टरफल असतं (आतला पापुद्रा आणि टरफलाला चिकटून राहणारं पांढरं धरून). म्हणून टरफलासकटच्या वजनाला ०.८८ नं गुणलं की आतलं वजन येतं. माझं ४७.८ चं अंडं म्हणजे आत ४२ ग्रॅम. अमेरिकेचं ५७ चं म्हणजे आत ५०. इंग्लंडचं ६८ चं म्हणजे आत ६०. मावशीचं गावरान ३८ चं म्हणजे आत ३३ च्या थोडं वर.

हे चार आकडे, ५०, ६०, ४२, ३३, मी फ्रीजवर चिकटवून ठेवलेत, पहिले दोन रेसिपीचे आणि दुसरे दोन आपले. तुमचे दुसरे दोन वेगळे येतील.

इथं एक चूक फार होते, ती म्हणजे रेसिपीतलं वजन टरफलासकटचं आहे का बिनटरफलाचं हे न बघता घेणं. रेसिपीत "२०० ग्रॅम अंडी" असं लिहिलेलं असलं तर ते जवळजवळ नेहमी बिनटरफलाचं असतं. पण जुन्या इंग्रजी पद्धतीत अंडी टरफलासकट मोजून तेवढंच बटर, तेवढीच साखर, तेवढाच मैदा असं पण सांगतात. तिथं तसंच करायचं, ०.८८ मधी आणायचं नाही. ही पद्धत मला लै आवडते खरं तर, कारण अंडं बारीक असो की मोठं बाकी सगळं त्याच्या मागं चालतं, पण ती फक्त चारी वस्तू सारख्या असलेल्या केकलाच लागू होते.

तिसरं काम: किती कमी पडतंय ते बघा, मग ठरवा

आता माझाच बिघडलेला केक घेऊ. रेसिपीची अंडी ४ गुणिले ६०, म्हणजे २४० ग्रॅम. मी टाकलेली ४ गुणिले ४२, म्हणजे १६८. कमी पडले ७२ ग्रॅम, म्हणजे रेसिपीतलं जवळजवळ तीस टक्के अंडं मी टाकलंच नव्हतं! केक चिरला नसता तरच नवल.

मी स्वतःपुरता नियम असा केलाय. फरक पाच टक्क्यांच्या आत असला, कमी नाहीतर जास्त, तर काहीच करत नाही, गुमान केक लावते. पाच ते दहा टक्के कमी असलं आणि बटरचा साधा केक असला तर एक-दीड मोठा चमचा दूध टाकते. दहा टक्क्यांच्या वर फरक असला तर मग हिशोब करायचाच.

दूध दहा टक्क्यांपर्यंतच का, हे लोक विचारतात कारण बॅटर घट्ट झालं की दूध ओतायची सवय सगळ्यांनाच असते. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं हे खरं, माझ्या ७२ ग्रॅम कमी पडलेल्या अंड्यात साधारण ५४ ग्रॅम पाणी होतं, ते दुधानं भरून निघालं असतं आणि बॅटरही बरोबर दिसलं असतं. पण उरलेल्यात नऊ-एक ग्रॅम प्रोटीन होतं जे भाजताना घट्ट होऊन केकला उभं धरतं, आणि बलकातला तो भाग होता जो बटर आणि पाणी एकमेकांत मिसळून ठेवतो. ते दुधात तेवढं नसतं. म्हणून दुधानं सावरलेला केक ओव्हनमधी छान फुगतो आणि बाहेर काढल्यावर मधी बसतो. बॅटर बघून फसायला होतं ते इथं.

बरं, मग ७२ ग्रॅम कसे भरायचे. तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, अंडी वाढवा. २४० भागिले ४२ म्हणजे ५.७. सहा अंडी घेतली तर २५२ ग्रॅम होतात, पाच टक्के जास्त, म्हणजे माझ्या नियमात बसलं, सहा घ्या आणि मोकळे व्हा. गावरान असली तर २४० भागिले ३३.४ म्हणजे सात आणि थोडं, सात घेतली की २३४, हे पण बसलं.

दुसरा रस्ता, बाकीचं कमी करा. हा मला जास्त पटतो कारण अंडी वाया जात नाहीत आणि महिनाअखेरीला बटर पण वाचतं. पाच अंडी घेतली तर २१० ग्रॅम. २१० भागिले २४० म्हणजे ०.८७५. आता रेसिपीतलं प्रत्येक वजन याच आकड्यानं गुणायचं, २२५ गुणिले ०.८७५ म्हणजे १९७. म्हणजे सरळ पाच अंडी आणि बटर, साखर, मैदा प्रत्येकी २०० ग्रॅम! मी आता हा केक कायम असाच करते. बेकिंग पावडरला पण तेच गुणायचं, हे विसरू नका. रेसिपीत सेल्फ रेझिंग फ्लोअर होतं, त्याच्या जागी मी २२५ ग्रॅम मैद्याला ३ छोटे चमचे बेकिंग पावडर घेते, ती २०० ग्रॅमला अडीचच्या किंचित वर होते. व्हॅनिलाला गुणायची गरज नाही, तेवढ्यानं काय फरक पडत नाही.

बॅटर कमी झालं की भाजायचा वेळ पण कमी होतो. त्या रेसिपीत ८ इंचाचे दोन टिन आणि १८० डिग्रीला २५ मिनिटं होती. त्याच टिनमधी कमी बॅटर म्हणजे थर पातळ, म्हणून मी विसाव्या मिनिटापासून काडी घालून बघायला सुरवात करते. बहुतेक वेळा २२ ला निघतो. आमच्या छोट्या ओटीजीचं तापमान जरा पुढंच असतं, त्यामुळं तुमच्याकडं २४ पण लागू शकतात.

तिसरा रस्ता म्हणजे पाच अंडी आख्खी आणि सहाव्यातलं लागेल तेवढंच. २४० मधून २१० गेले, ३० ग्रॅम पाहिजे. सहावं अंडं वाटीत फोडा, काटेचमच्यानं पांढरं-पिवळं एकजीव होईपर्यंत फेटा, आणि काट्यावर भांडं ठेवून ३० ग्रॅम ओता. न फेटता ओतायला गेलात तर पांढरं सगळं एका गोळ्यानं सटकन पडतं आणि काट्यावर ३० च्या जागी ३८ दिसतात, तिथं मग चमच्यानं परत काढत बसा, निघत नाही ते. काटा नसला तर मोजायचा मोठा चमचा, १५ मिलीचा, फेटलेल्या अंड्याचा एक चमचा साधारण १५ ग्रॅमच्या थोडा वर भरतो. ५० ग्रॅमचं आख्खं अंडं म्हणजे तीन चमचे आणि वर थोडं.

हा तिसरा रस्ता मी ऑर्डरीच्या केकलाच वापरते, घरच्यासाठी एवढं कोण करतंय.

अंडं जास्त झालं तर

आपल्याकडं कमी पडायचीच तक्रार जास्त, पण हिवाळ्यात जुन्या कोंबड्यांची साठ-बासष्ट ग्रॅमची अंडी पण येतात आणि रेसिपी आपल्याकडच्याच कुणाची, बारीक अंड्यांची असली तर उलटं होतं. ओळख अशी की बॅटर पातळ होतं, बटर-साखरेत शेवटचं अंडं टाकल्यावर ते दही फाटल्यासारखं दाणेदार दिसायला लागतं (अंडी फ्रीजमधून काढून तशीच गार टाकली तरी असंच दिसतं, त्यामुळं आधी ते बघा). केक झाल्यावर खाली एक ओलसर, रबरासारखा पट्टा राहतो आणि अंड्याचा वास येतो, व्हॅनिला कितीबी टाका तो वास जात नाही. उपाय सोपा, फोडून वजन करा आणि जास्तीचं काढून ठेवा. बॅटर करून झाल्यावर लक्षात आलं तर मैदा वाढवून सावरायला जाऊ नका, साखर-बटरचा हिशोब बिघडतो आणि केक बेचव होतो. त्यापेक्षा तसाच भाजा आणि थोडा वेळ जास्त द्या.

कॅरॅमल पुडिंगला हा फरक सगळ्यात जास्त दिसतो

केकमधी मैदा तरी असतो आधाराला, पुडिंगमधी दूध घट्ट करणारं फक्त अंडंच. त्यामुळं तिथं दहा टक्के पण सोडायचे नाहीत. उलटून काढायचं पुडिंग असलं तर मी ५०० मिली दुधाला २०० ग्रॅम फेटलेलं अंडं घेते, म्हणजे अमेरिकेची चार लार्ज. आपली ४२ वाली चार टाकली तर १६८ झाले, पुडिंग वाटीत तर छान हलतं-डुलतं, पण ताटलीत उलटं केलं की कडा पसरतात आणि मधी खळगा पडतो. जाऊबाईंच्या घरी पाहुण्यांसमोर हे झालंय, त्यांनी मग त्याला "कॅरॅमलची खीर" म्हणून वाढलं.

इथं सगळ्यात सोपा हिशोब उलटा करायचा: अंडी फोडा, फेटा, वजन बघा, आणि त्याच्या अडीचपट दूध घ्या. १६८ ग्रॅम अंडं असलं तर ४२० मिली दूध. साखर पण त्याच प्रमाणात थोडी कमी. कुकरमधी शिट्टी न लावता वाफवताना पुडिंगमधी जाळी पडली, म्हणजे बारीक बारीक भोकं, तर तो अंड्याच्या आकाराचा दोष नव्हे, आच जास्त झाली. आणि कडेनं घट्ट, मधी जेलीसारखं हलत असलं तर तेव्हाच काढायचं, गार झाल्यावर ते आणखी बसतं. पूर्ण पातळच राहिलं आणि एवढा वेळ वाफवूनही पाण्यासारखं हलत असलं तर मात्र अंडं कमी पडलंय.

फक्त पांढरं नाहीतर फक्त बलक लागत असेल तर

आख्ख्या अंड्यासाठीचा ०.८८ चा हिशोब इथं चालत नाही, कारण अंडं लहान झालं की पांढरं आणि पिवळं सारख्याच प्रमाणात लहान होतं असं नाही. नव्या कोंबडीच्या बारीक अंड्यात बलक त्या मानानं लहान असतो. गावरानमधी उलटं, बलक मोठा आणि पांढरं कमी. मावशीच्या ३८ ग्रॅमच्या अंड्यांमधी मला बलक १३ आणि पांढरं २० च्या आसपास सापडलं. अमेरिकेच्या लार्जमधी बलक १७-१८ आणि पांढरं ३२-३३ असतं. म्हणून मेरिंग करायचं असलं तर "४ अंड्यांचं पांढरं" याला १३० ग्रॅम धरा, आणि काट्यावर १३० होईपर्यंत अंडी फोडत जा, गावरान असली तर सहा-सात लागतील. कडक मेरिंगला साखर पांढऱ्याच्या दुप्पट, म्हणजे ज्याचं वजन केलं त्याच्याच दुप्पट. रेसिपीतली २६० ग्रॅम साखर चार गावरानच्या ८० ग्रॅम पांढऱ्यात टाकली तर ते फेस न होता चिकट पाकासारखं होतं आणि कितीबी फेटा, शिखर उभं राहत नाही.

याच कारणानं गावरान सात अंड्यांचा तो केक मी करून बघितला तेव्हा वजन बरोबर असून केक जरा कमी फुगला, रंग मात्र असा पिवळा धमक की कुणीतरी विचारलं कलर टाकला का म्हणून. फुगणं जास्त महत्त्वाचं असलं, म्हणजे बिनबटरचा हलका स्पंज असला, तर मी सहा आख्खी गावरान घेते आणि उरलेलं वजन दुकानातल्या अंड्याच्या पांढऱ्यानं भरते. बटरच्या केकला तेवढं करायची गरज नाही, तिथं जास्तीचा बलक चवीलाच लागतो.

एका अंड्याच्या रेसिपीला, बिस्किटं-कुकीज वगैरे, हा सगळा उद्योग करू नका. आठ ग्रॅम कमी पडले तर पीठ मळताना दोन छोटे चमचे दूध टाका, कुणाला कळणार नाही. नानकटाईला तर आपल्याकडं अंडं घालतच नाहीत, बेकरीत ट्रे घेऊन जायचं आणि भाजून आणायचं.

उरलेलं फेटलेलं अंडं

ते झाकण लावून लगेच फ्रीजमधी ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वापरून टाका. मे महिन्यात लाइट गेली असली तर त्याच दिवशी, वाट बघू नका. मी डब्यावर वजन लिहून ठेवते, "१२ ग्रॅम", "२५ ग्रॅम" असं. आमच्या सासूबाईंनी एकदा ते वाचलं आणि विचारलं की आता अंडी काय पावशेरानं आणायलीस का, आणि तव्यावर कांदा टाकून पोराच्या डब्याला त्याची बुर्जी करून टाकली, तीन डबे एकत्र, न मोजता.